होम लोनची फाइल नावापाशी अडली: आधार, पॅन आणि पासबुक, तिन्हीवर वेगळं नाव. आधी काय बदलायचं?

मृणाल_बेसा
नमस्कार. बेसा भागात फ्लॅट घेतोय. कर्ज नवरा आणि मी मिळून घेणार, मी सहअर्जदार. फाइल एका हाउसिंग फायनान्स कंपनीत आहे. नवऱ्याची कागदपत्रं पास झाली, माझ्यावर मात्र 'नेम मिसमॅच'चा शेरा आला. लग्नाला सहा वर्षं झाली. आधार लग्नानंतर बदललं होतं, बाकीचं राहून गेलं. कंपनीचा एजंट म्हणतो, नोटरीकडून अ‍ॅफिडेव्हिट करून द्या, पुढचं मी बघतो. माझ्या बँकेतल्या मॅडम म्हणतात, गॅझेट आणा. मैत्रीण म्हणते, आधारच परत माहेरच्या नावावर कर, म्हणजे एकच कागद बदलावा लागेल. तिघांची तीन मतं. नेमकं कोणाचं ऐकू? कोणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. बिल्डरला हप्ता द्यायची तारीख जवळ आलीय.

वर्धारोड_बंडू
काही टेन्शन नका घेऊ ताई. अ‍ॅफिडेव्हिट करून टाका, 'दोन्ही नावांची व्यक्ती मीच' असं लिहून. माझ्या बायकोचं गोल्ड लोन त्याच्यावरच झालं. शंभराचा स्टॅम्प आणि नोटरी, काम खतम.

नमिता_सदर
शंभराचा स्टॅम्प आता चालत नाही, बंडूभाऊ. २०२४ च्या ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात अशा कामांना ५०० चा लागतो. सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला सूट आहे, पण बँकेसाठी केलेलं त्यात येत नाही.

जुना_बँकवाला
मृणालताई, कोणाचं ऐकायचं ते नंतर ठरवू. आधी एक काम करा. आधार, पॅन, बँक आणि लग्नाचं प्रमाणपत्र, या चारही ठिकाणी नाव अक्षरशः कसं लिहिलंय ते इथे टाका. खरी नावं नको, पण फरक तसाच ठेवा. 'नाव जुळत नाही' हा एक शेरा असला तरी त्याच्याखाली दोन-तीन वेगवेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाला औषध वेगळं. आणि हो, पासबुकावरचं नाव पाहून लिहू नका. पासबुक छापताना नाव तुटतं. शाखेत कस्टमर आयडीखाली काय नोंद आहे ते विचारा.

धरमपेठ_सीए
बँकेतलं नाव घरबसल्याही बघता येतं. नवऱ्याच्या नेट बँकिंगमधून तुमचा खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकून तुम्हाला लाभार्थी म्हणून जोडायला घ्या. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएससाठी खातेदाराचं नाव दाखवायची सोय रिझर्व्ह बँकेने बँकांना करायला लावलीय. तिथे जे दिसेल तेच कर्ज देणाऱ्याला दिसतं.

मृणाल_बेसा
सीए सर, खूप उपयोग झाला, मला हे माहीतच नव्हतं. काका, नावं बदलून लिहिते, फरक तसेच ठेवलेत:

आधार: `Mrunal Sachin Bhoyar`
पॅन: `MRUNAL VITTHALRAO WANKHADE`
बँक: `WANKHEDE MRUNAL V`
लग्नाचं प्रमाणपत्र महापालिकेच्या झोन ऑफिसचं, इंग्रजीत वधूचं नाव `Mrunal Vitthalrao Wankhade`.

हे खातं कॉलेजमध्ये असताना उघडलं होतं. नंतर त्यातच पगार यायला लागला.

काटोलचा_प्रफुल्ल
आमच्याकडे पण हीच भानगड. बाबांचं आधार `Dnyaneshwar Mahadeorao`, बँकेत `Dnyaneshwar Mahadev`. पीक कर्जाच्या वेळी थांबवलं. आधार सेंटरवाल्याने आधारवरून 'राव' काढून दिला. आता सातबाऱ्यावर 'महादेवराव' आहे, तो जुळत नाही. ताई, तुमच्या सातबाऱ्याचं काय आहे?

मृणाल_बेसा
प्रफुल्लदादा, आमचा फ्लॅट आहे, शेती नाही. पण बाबांचं काय झालं पुढे?

काटोलचा_प्रफुल्ल
अडकूनच आहे. आता आधार पुन्हा बदलायचं म्हणतोय.

आधार_ऑपरेटर_नागपूर
प्रफुल्ल, थांब जरा! आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एक संधी बाबांची गेली. दुसरी वापरण्याआधी घरातले सगळे कागद एका टेबलावर मांड. सातबारा, रेशन कार्ड, मतदार कार्ड, पॅन. जास्तीत जास्त कागदांवर जे रूप असेल तेच आधारवर घ्यायचं. दोन्ही संधी संपल्या की केंद्रावर अर्ज पुढे जात नाही. मग यूआयडीएआयच्या प्रादेशिक कार्यालयाकडे अपवाद म्हणून मागावं लागतं आणि आपलं कार्यालय मुंबईला आहे. खरं म्हणजे 'राव'एवढाच फरक असेल तर आधारला हातच लावायचा नसतो, बँकेतली नोंद आधारप्रमाणे करून घ्यायची. रोज असे लोक येतात, बँकेने पाठवलंय म्हणून. माहादेव, महादेव, महादेवराव. बँकेला स्वतःच्या कॉम्प्युटरमधली दोन अक्षरं बदलायचा कंटाळा आणि म्हाताऱ्या माणसाने बोटांचे ठसे देत फिरायचं. याचा फार राग येतो.

मृणालताई, मैत्रिणीचा सल्ला यासाठीच ऐकू नका. तुमची एक संधी लग्नानंतर वापरून झाली आहे. मायआधारवर लॉगिन केलं की अपडेटचा इतिहास दिसतो, तिथे खात्री करून घ्या.

स्वाती_वानाडोंगरी
मी थोडं वेगळं बोलते. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. मी बदललं नाही. दहावीपासूनची प्रमाणपत्रं, नोकरी, पीएफ, पासपोर्ट, सगळं एका नावावर. मृणालच्या पॅनवर, बँकेत आणि डिग्रीवर माहेरचं नाव आहे. सासरचं फक्त आधारवर. मग दुसरी संधी वापरून आधार माहेरच्या नावावर आणलं तर काय बिघडतं? एकच कागद बदलायचा. मैत्रीण काही वेडी नाही.

जुना_बँकवाला
स्वातीताई, तुमचं तत्त्व मला पटतं. मृणालचं आज लग्न झालं असतं तर मीही म्हणालो असतो, काही बदलू नकोस. पण तिच्या चार ओळी पुन्हा वाचा. माहेरचं नावही दोन ठिकाणी एक नाही. पॅनवर `WANKHADE`, बँकेत `WANKHEDE`. म्हणजे आधार मागे नेलं तरी बँकेतली दुरुस्ती चुकत नाहीच, आणि आधारची शेवटची संधी खर्च होते ती वेगळी.

आता मृणालसाठी. तुमची दुखणी दोन आहेत. पहिलं, लग्नाने बदललेलं नाव. दुसरं, 'वानखडे'चं 'वानखेडे' झालेलं. ही बँकेच्या नोंदीतली चूक आहे. फॉर्म भरताना कोणीतरी सवयीने टाइप केलं असणार. विदर्भात दोन्ही आडनावं असल्याने हे सतत होतं.

पहिल्यासाठी गॅझेट लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत स्पष्ट आहे की ओळखपत्र दिल्यानंतर नाव बदललं असेल, तर राज्य सरकारने दिलेलं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली अधिसूचना, यापैकी एक सोबत जोडलं की ते ओळखपत्र ग्राह्य. 'किंवा' आहे, 'आणि' नाही. गॅझेट कोणाला लागतं? लग्नाशी संबंध नसताना नाव बदलणाऱ्याला, किंवा लग्नाचा दाखला मिळणं शक्य नसलेल्याला. अ‍ॅफिडेव्हिट त्या यादीत नाहीच. बंडूभाऊंचं काम झालं कारण सोनं तारण होतं आणि रक्कम लहान असणार. वीस वर्षांच्या कर्जात कंपनीची छाननी करणारी टीम नुसतं अ‍ॅफिडेव्हिट पाहून पुढे जाईलच असं नाही. आणि गेली तरी तुमचा मूळ घोळ तसाच राहतो, पुढच्या कामाला पुन्हा उभा.

तुमचं नशीब चांगलं, लग्नाच्या दाखल्यावरचं माहेरचं नाव पॅनशी अक्षरन् अक्षर जुळतंय. हाच तुमचा पूल. एका टोकाला पॅन, दुसऱ्या टोकाला आधार. म्हणून सासरच्या नावावर जायचं, आणि क्रम असा: आधी पॅन, मग बँक.

वर्धारोड_बंडू
काका, गोल्ड लोनच होतं, रक्कम पण लहान होती. पण बँक आधी काहून नाही? ताईचं बँकेतच तर जास्त बिघडलं आहे.

जुना_बँकवाला
बँकेत नाव `Mrunal Sachin Bhoyar` करायला गेलात की काउंटरवरची मुलगी पॅन पडताळून पाहते. आयकरच्या नोंदीत 'वानखडे' असताना 'भोयर' जुळणार नाही, अर्ज परत. पॅन आधी झालं की आधार आणि पॅन दोन्ही एकाच नावाचे होतात, आणि मग बँकेने अडवायला फारसं कारण उरत नाही.

धरमपेठ_सीए
पॅनबद्दल मी लिहितो. पॅन नंबर बदलत नाही, फक्त नाव बदलतं, हे आधी लक्षात घ्या. नवीन पॅन काढायचा नाही, दुरुस्तीचा अर्ज करायचा. प्रोटिअन किंवा यूटीआयआयटीएसएल, कुठेही. कागद अपलोड करून केलात तर लग्नाचा दाखला जोडा. आधार ई-केवायसीने केलात तर नाव आधारवर आहे तसंच उचललं जातं, तुम्हाला ते सोयीचं आहे. कार्ड घरी मागवलं तर १०७ रुपये.

इथे एक जागा आहे जिथे बायकांचे अर्ज चुकतात. पॅनवर वडिलांच्या नावाचा रकाना लग्नानंतरही वडिलांचाच राहतो. तिथे नवऱ्याचं नाव घालू नका. तुमच्या स्वतःच्या नावाच्या मधल्या भागात 'सचिन' येईल आणि वडिलांच्या रकान्यात 'विठ्ठलराव'. कर्ज कंपनीच्या माणसाने याला मिसमॅच म्हटलं तर त्याला सांगा की असंच असतं.

आणि आयकर परताव्याची वाट बघत असाल तर तो खात्यात पडू द्या, मग पॅनला हात लावा. पॅनचं नाव बदललं आणि बँकेचं राहिलं, की पोर्टलवर खातं पडताळताना नाव जुळत नाही आणि परतावा मधेच अडकतो.

मृणाल_बेसा
परतावा आधीच आला आहे. म्हणजे उद्याच अर्ज करते. पण सर, पॅनवर सासरचं, डिग्रीवर माहेरचं, ऑफिसात पण माहेरचं. तिथे काही होणार नाही ना?

धरमपेठ_सीए
डिग्रीला हात लावू नका. ती ज्या दिवशी मिळाली त्या दिवशीच्या नावाची असते, सोबत लग्नाचा दाखला दाखवायचा. ऑफिसला मात्र लेखी कळवा. सॅलरी स्लिपवर 'वानखडे' आणि बँक स्टेटमेंटवर 'भोयर' दिसलं तर कर्ज कंपनी पुन्हा विचारेल.

लग्नाळू_लकडगंज
लग्नात उखाणा घेताना नाव एकदाच घ्यावं लागतं, इथे तर प्रत्येक काउंटरवर घ्यायला लावून राहिले! माझं लग्न डिसेंबरात आहे, होणाऱ्या बायकोला हा धागा पाठवलाय.

स्वाती_वानाडोंगरी
पाठवलात ते बरं केलं. त्यांना आधी विचारा, नाव बदलायचं आहे का.

होमलोन_डेस्क
मी कर्जाच्या फाइल बघतो, कंपनीचं नाव सांगत नाही. नाव जुळतं की नाही हे आमच्याकडे बऱ्याचदा माणूस ठरवत नाही. तुम्ही दिलेल्या खात्यात एक रुपया पाठवला जातो आणि बँक जे नाव परत पाठवते ते अर्जावरच्या नावाशी यंत्र ताडून पाहतं. शब्दांचा क्रम उलटा असेल, आडनाव आधी आलं असेल, तर सहसा चालतं. मधलं नाव नुसतं अक्षर असेल तर गुण कमी होतात, पण माणूस पाहून पास करू शकतो. आडनावच वेगळं असलं की सरळ नापास. मृणाल मॅडमची फाइल तिथेच पडली असणार. काका म्हणतात ते बरोबर, फक्त बँकेच्या टप्प्यात एक गोष्ट घाला: सही.

नाव बदलल्यावर तुम्ही 'M. S. Bhoyar' अशी सही करायला लागता. ईएमआय खात्यातून आपोआप कापायची परवानगी देता, त्या नॅच मँडेटवर पण तीच. पण बँकेत नमुना सही कॉलेजच्या वेळची, 'M. V. Wankhade'. मँडेट सही जुळत नाही म्हणून परत येतं, पहिला हप्ता जात नाही आणि दंड लागतो. ग्राहकाला वाटतं खात्यात पैसे होते तरी असं काहून झालं. म्हणून नावाच्या अर्जासोबतच नवीन नमुना सही द्या. जुनं चेकबुकही परत करून नव्या नावाचं मागवा, कारण कर्जासाठी रद्द केलेला चेक देता त्यावर नाव छापलेलं असतं.

जुना_बँकवाला
सहीचं अगदी बरोबर. माझ्याकडून सुटलं होतं ते सांगायचं. आणखी एक बघा मृणाल, त्याच बँकेत लहानपणी वडिलांनी तुमच्या नावे एफडी केली होती का? तशी असेल तर तुमचा दुसरा कस्टमर आयडी असू शकतो, जुन्या नावाचा. एक दुरुस्त होतो, दुसरा तसाच राहतो आणि पुढे कधीतरी वर येतो. अर्जातच लिहा, 'माझ्या नावे असलेले सर्व कस्टमर आयडी एकत्र करावेत'.

मृणाल_बेसा
एफडी होती! बारावीत असताना. मोडली की नाही तेच आठवत नाही, बाबांना विचारते.

नमिता_सदर
सिबिलचं कोणी बोललं नाही अजून. माझ्या बहिणीचं एज्युकेशन लोन माहेरच्या नावावर होतं, फेडून झालेलं. नवीन नावाने अर्ज केल्यावर कंपनी म्हणाली, तुमचा इतिहासच दिसत नाही.

होमलोन_डेस्क
बहुतेक वेळा पॅन, जन्मतारीख आणि मोबाइलवरून एकाच माणसाची नोंद जुळते, नाव बदललं म्हणून इतिहास पुसला जात नाही. तुमच्या बहिणीच्या जुन्या कर्जात पॅन नोंदवलेला नसेल, म्हणून ते वेगळं पडलं असावं. वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघा. तफावत दिसली तर सिबिलच्या साइटवरच तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँका आता किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवतात, म्हणजे बँकेत नाव बदललं की सिबिलमध्येही हळूहळू तेच येतं.

नमिता_सदर
जुनी बँक म्हणते, कर्ज बंद झालंय, आता पॅन टाकता येणार नाही.

होमलोन_डेस्क
तशी उत्तरं मीही ऐकली आहेत. बंद खात्याची नोंद दुरुस्त करता येते असं मला वाटतं, पण शाखेला ते कसं करायला लावायचं याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. लेखी तक्रार करून बघा.

मृणाल_बेसा
सगळ्यांना कळवते. पॅन झालं, ई-पॅनवर `MRUNAL SACHIN BHOYAR` आलं, वडिलांच्या रकान्यात बाबांचं नाव तसंच. एफडी बाबांनी मोडलेली होती, पण शाखेत बघितलं तर दुसरा कस्टमर आयडी खरंच निघाला. काका, तुम्ही सांगितलं नसतं तर कळलंच नसतं.

आता अडलंय बँकेत. मॅडम अजूनही गॅझेट मागतात. म्हणतात, 'वानखेडे'चं 'भोयर' लग्नाच्या दाखल्यावरून कसं करू, दाखल्यावर तर 'वानखडे' आहे. खोटं नाही बोलत त्या, पण माझ्याकडे गॅझेटला वेळ नाही.

जुना_बँकवाला
मॅडमचा मुद्दा चुकीचा नाही, त्यांना दोन पायऱ्या एका उडीत दिसतात. तुम्ही त्या वेगळ्या करून द्या. एकच अर्ज, दोन परिच्छेद. पहिल्यात लिहा: माझ्या आडनावाचं स्पेलिंग बँकेच्या नोंदीत चुकीचं आहे, खातं उघडतानाच्या काळातले माझे कागद जोडत आहे, तुमच्याकडचा खातं उघडण्याचा मूळ फॉर्मही तपासावा. दहावीची गुणपत्रिका आणि जुन्या पॅन कार्डची झेरॉक्स जोडा, दोन्हीवर 'वानखडे' असेल. दुसऱ्यात: लग्नामुळे नाव बदललं आहे, विवाह प्रमाणपत्र, आधार, नवा पॅन जोडत आहे. मूळ फॉर्मवर तुमच्या हस्ताक्षरात 'वानखडे' निघालं तर स्पेलिंगची चूक बँकेची हे तिथेच सिद्ध होतं. इथेच ते अ‍ॅफिडेव्हिट कामाला येतं बंडूभाऊ, स्पेलिंगच्या फरकापुरतं, जोडकागद म्हणून.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. नकार देत असतील तर कोणत्या नियमाने, ते लेखी मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेच्या दारात जाऊन उभं राहायची गरज नाही.

मृणाल_बेसा
दहावीची गुणपत्रिका आहे, 'WANKHADE' आहे त्यावर. पण काका, ३० दिवस थांबले तर बिल्डरची तारीख जाईल.

होमलोन_डेस्क
मॅडम, तोपर्यंत कंपनीला विचारा, सहअर्जदाराचं खातं खरंच लागतंय का. हप्ता नवऱ्याच्या खात्यातून जाणार असेल तर मँडेट त्यांच्याच खात्याचं घेता येतं. तुमचं उत्पन्न पात्रतेत धरलंय म्हणून पगाराचं स्टेटमेंट लागेल, तिथे बँकेचा पोच शिक्का असलेला अर्ज, लग्नाचा दाखला आणि अ‍ॅफिडेव्हिट जोडा. काही कंपन्या 'कर्ज वाटपाआधी बँकेतलं नाव बदलून द्यावं' या अटीवर मंजुरी देतात. तुमची देईल की नाही ते त्यांच्या क्रेडिट टीमवर आहे. आणि विक्री करारात नाव घालताना 'मृणाल सचिन भोयर, पूर्वाश्रमीच्या मृणाल विठ्ठलराव वानखडे' असं घालायला सांगा. करार नोंदवून झाला की बदलायला चूकदुरुस्ती लेख करावा लागतो.

मृणाल_बेसा
करार अजून व्हायचाय. वकिलांना आत्ताच फोन करते. अर्ज सोमवारी देते, पोच घेतल्याशिवाय हलणार नाही.

काटोलचा_प्रफुल्ल
ऑपरेटर भाऊ, टेबलावर मांडले सगळे कागद. सातबारा, मतदार कार्ड, रेशन कार्ड, तिन्हीवर 'महादेवराव'. पॅनवर 'महादेव', बँकेत 'महादेव'.

आधार_ऑपरेटर_नागपूर
मग 'राव' परत घ्यायचा, तीन कागद तसे आहेत आणि जमीन त्या नावावर आहे. मतदार कार्ड घेऊन ये, बाबांना सोबत आण. शुल्क ७५ रुपये. ठसे देण्याआधी स्क्रीनवरचं नाव इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही वाचायचं. मराठी अक्षरं मशीन इंग्रजीवरून आपोआप आणतं आणि 'महादेवराव'चं 'महादेओराव' करतं. ते तिथेच दुरुस्त करून मागायचं, पावती हातात आल्यावर नाही. आधार झालं की मग पॅन, मग बँक, ताईसारखंच.

शुभांगी_हनुमाननगर
उशिरा धाग्यावर आले. माझी केस मृणालसारखीच, पण लग्नाची नोंदणीच केलेली नाही. अकरा वर्षं झाली. आता होते का?

नमिता_सदर
होते. तुमच्या झोन ऑफिसात विवाह नोंदणीकडे जा. दोघांनाही जावं लागतं, सोबत तीन साक्षीदार, लग्नपत्रिका असेल तर ती, नसेल तर काय चालेल ते तिथे विचारा. अर्जात माहेरचं नाव लिहिताना पॅन कार्ड समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसंच लिहा.